रोजचं रिजेक्शन २ टक्क्यांवरून ३ वर गेलं की खुलासा मागतात. कोणत्या दिवशी खरंच काही बिघडलं, हे आलेखावरून कसं ओळखायचं?

मकरपुरा_क्यूए

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत एक छोटं मोल्डिंग युनिट आहे, तिथला क्वालिटीचा प्रश्न आहे. माल म्हणजे नायलॉन ६६, ३० टक्के काचतंतू असलेला, आणि नग म्हणजे इलेक्ट्रिकल टर्मिनलचा ब्लॉक. दोन मशिन, एकच पाळी, सकाळी ८ ते ४. दर तासाला प्रत्येक मशिनचे ५० नग उचलून डोळ्यांनी तपासतो, म्हणजे दिवसाला ८००. शनिवारी तीनच तास मशिन चालते, तेव्हा ३००.

शेठनी सांगून ठेवलंय की उद्दिष्ट २ टक्के आणि ३ च्या वर गेलं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये लेखी कारण द्यायचं. गेल्या २४ दिवसांत असे पाच दिवस आले आणि पाच खुलासे लिहिले गेले. तीन वेळा ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’, दोन वेळा ‘मटेरियल’. खरं सांगायचं तर ते खुलासे वाचून पुढे काय बदलायचं ते कोणालाच कळत नाही. खाली सोमवार ते शुक्रवार आणि उभ्या रेघेनंतर शनिवार, असे खराब नगांचे आकडे देतोय.

```
आठवडा १:  १७  २२  १४  २५  १९  |  ९
आठवडा २:  २१  २७  १६  १८  २३  | १४
आठवडा ३:  १२  २०  २६  १५  २२  |  ५
आठवडा ४:  २४  १८  ३८  १७  २०  |  ६
```

कंट्रोल चार्ट काढायचा म्हणतोय. मर्यादेची रेघ ३ टक्क्यांवर ओढू की आणखी कुठे?

दांडियाबाजार

तीनवर कशाला ओढता, गिऱ्हाइकाने जितकं मान्य केलंय तिथे ओढा. आणि आधी सीपीके काढून बघा. १.३३ च्या खाली असेल तर प्रोसेसच लायक नाही, मग चार्ट काढून उपयोग काय?

विश्वामित्री

दांडियाबाजार, सीपीके मोजमापाला लागतो. ब्लॉकची लांबी, भोकाचा व्यास असं काही मायक्रोमीटरने मोजलं असतं तर त्याचा विषय होता. इथे नग एक तर चांगला आहे नाहीतर खराब, मोजमाप हातात नाहीच. यांचा प्रश्नही प्रोसेस लायक आहे का हा नाही. आजचा दिवस कालपरवासारखाच आहे की वेगळा, एवढंच त्यांना हवंय.

मकरपुरादादा, रेघ आपल्याला वाटेल तिथे ओढायची नसते, ती तुमच्याच आकड्यांतून निघते. तुमच्याकडे मोजायचंय ते खराब नगांचं प्रमाण, म्हणून पी-चार्ट. UCL म्हणजे वरची मर्यादा, LCL म्हणजे खालची, आणि n म्हणजे तपासलेले नग. हिशोब असा:

```
pbar = एकूण खराब / एकूण तपासलेले
UCL = pbar + 3*SQRT(pbar*(1-pbar)/n)
LCL = pbar - 3*SQRT(pbar*(1-pbar)/n)
```

सरासरी काढताना रोजच्या टक्क्यांची सरासरी घेऊ नका. शनिवारचे ३०० आणि सोमवारचे ८०० यांना त्यात सारखंच वजन मिळतं. सगळे खराब एकत्र करा, सगळे तपासलेले एकत्र करा आणि मग भागा. तुमचे ४४८ भागिले १७,२००, म्हणजे २.६ टक्के. n त्या त्या दिवसाचा घ्यायचा. ८०० च्या दिवसाला वरची मर्यादा ४.२९ टक्के येते, म्हणजे ३४ नगांपर्यंत आत, ३५ झाले की बाहेर. चौथ्या आठवड्यातला बुधवार ३८ वर आहे. तो एकटाच बाहेर.

आता तो दिवस बाजूला काढून मर्यादा पुन्हा काढा. ४१० भागिले १६,४००, बरोबर २.५ टक्के. ८०० ला वरची मर्यादा ४.१६, खालची ०.८४. नगांत सांगायचं तर ७ ते ३३. शनिवारी ३०० ला वरची मर्यादा ५.२० पर्यंत जाते आणि खालची शून्याच्या खाली जाते, म्हणजे ती नाहीच असं धरायचं. दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारचे १४ नग म्हणजे ४.६७ टक्के. त्यावर खुलासा मागितला गेला असणार. पण ३०० नगांत १४ हे याच प्रोसेसमधून सहज येतात, ८०० नगांत ४.६७ टक्के आले असते तर गोष्ट वेगळी. थोडे नग तपासले की टक्केवारी जास्त उड्या मारते, म्हणून शनिवारची मर्यादा रुंद. चार्टवर ही रेघ दर शनिवारी पायरीसारखी वर जाते, ती तशीच राहू द्या, सरळ करायच्या नादी लागू नका.

एक गोष्ट शेठना दाखवण्यासारखी आहे. प्रोसेस २.५ टक्क्यांवर शांतपणे चालू आहे, काहीही बिघडलेलं नाही, असं धरलं तरी ८०० नगांत ३ टक्क्यांच्या वर जाणारा दिवस साधारण सहा-सातांत एक येतो, आणि शनिवारी तर चार-पाचांत एक. म्हणजे २४ दिवसांत चारेक वेळा. तुमचे पाच खुलासे होते. त्यातला एक खरा, उरलेल्या चार दिवशी शोधण्यासारखं काही नव्हतंच.

रावपुरा_७२

ताईंचं गणित नेटकं आहे, पण इतकं करायची गरज नाही. एक्सेलमध्ये रोजच्या आकड्यांचं STDEV काढा आणि सरासरीत तिप्पट मिळवा. मी तुमचे फक्त सोमवार ते शुक्रवारचे २० आकडे घातले. सरासरी २०.७, एसडी ५.७४, मर्यादा ३७.९. म्हणजे ३८ चा दिवस रेघेवरच आहे, बाहेर गेला म्हणायला जीव होत नाही. ताईंच्या चार्टवर तो एवढा उठून कसा दिसतो?

विश्वामित्री

रावपुराकाका, प्रश्न फार चांगला विचारलात, कारण नेमकी हीच चूक सगळीकडे होते. तुमच्या ५.७४ मध्ये तो ३८ स्वतः बसलाय. ज्याला पकडायचं त्यालाच मोजपट्टी ताणायला दिली. तो काढून उरलेल्या १९ दिवसांची एसडी काढा, ४.१६ येईल आणि मर्यादा ३२ च्या आसपास. एका आकड्याने मर्यादा सहा नगांनी वर ढकलली होती. अशा वाईट दिवसांची संख्या तीन-चार झाली तर तुमच्या चार्टवर एकही बिंदू बाहेर दिसणार नाही आणि सगळं आलबेल वाटेल.

पी-चार्टची मर्यादा दिवसादिवसांतल्या फरकातून येत नाही. इतक्या टक्क्यांच्या ढिगातून ८०० नग उचलले तर आकडा किती हलेल, यावरून ती येते, म्हणून एका वाईट दिवसाने ती फारशी ताणली जात नाही. इथे २.५ टक्क्यांना तो हेलकावा ४.४ नगांचा आहे. तुमची स्वच्छ एसडी ४.१६ त्याच्या जवळ बसते. दोन्ही जुळणं हीच पी-चार्ट इथे लागू आहे याची खूण.

टूलरूम_काका

मर्यादेचं तुम्ही बघा, मी मशिनजवळचं विचारतो. ३ च्या वर गेलं त्या चार दिवशी दुसऱ्या दिवशी सेटरने मशिनला हात लावला का? इंजेक्शन प्रेशर, बॅरलचं तापमान, होल्डिंग टाइम?

मकरपुरा_क्यूए

लावतोच काका. खुलासा लिहायचा म्हणजे काहीतरी केलंय असं दाखवावं लागतं. २७ आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नोझलचं तापमान ५ अंशांनी वाढवलं होतं. त्या दिवशी १६ आले, म्हणून सगळे खूश झाले.

टूलरूम_काका

तेच म्हणतोय. २७ नंतरचा दिवस बहुतेक वेळा खालीच येणार, हात लावा नाहीतर न लावा. मग वाटतं पाच अंशांनी काम केलं. पुढच्या वेळी २६ आले की उलट दिशेला फिरवतात. असं महिनाभर चाललं की मशिन मूळ सेटिंगपासून कुठल्या कुठे गेलेली असते आणि चढउतार आधीपेक्षा जास्त होतो. सेटिंगचा कागद मशिनवर चिकटवा, आणि चार्टवर बिंदू बाहेर गेल्याशिवाय कोणीही नॉब फिरवायचा नाही, एवढं शेठकडून वदवून घ्या.

विश्वामित्री

काकांशी शंभर टक्के सहमत. आता ३८ च्या दिवसाकडे या. बिंदू बाहेर गेला एवढ्याने कारण कळत नाही, फक्त शोधायला हरकत नाही एवढं कळतं. तपासणीचे तासवार कागद ठेवले असतील तर त्या दिवसाचे ८०० नग मशिनप्रमाणे, तासाप्रमाणे आणि दोषाप्रमाणे फोडा. दिवसाचा एक आकडा म्हणजे दोन मशिन आणि आठ तास एकत्र कालवलेले असतात.

मकरपुरा_क्यूए

कागद होते, बसून फोडले. मशिन १ वर दिवसभरात ११ खराब, नेहमीसारखेच. मशिन २ वर २७. त्यातले पहिल्या तासात ७, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात ५. म्हणजे ११ वाजेपर्यंत १५० नगांत २०, आणि पुढच्या पाच तासांत मिळून ७. त्या २० पैकी १७ वर ‘सिल्व्हर’ असं लिहिलंय, गेटपासून पंख्यासारख्या पसरलेल्या चंदेरी रेघा. एरवी दिवसाला सिल्व्हर चार-पाचच असतात. त्या दिवशीच्या खुलाशात मात्र मी स्वतः ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं’ असं लिहिलं होतं.

टूलरूम_काका

सिल्व्हर म्हणजे ओलावा. नायलॉन हवेतलं पाणी ओढतो. वितळताना त्या पाण्याची वाफ होते आणि नगाच्या पृष्ठभागावर रेघा ओढल्या जातात. ८० अंशांवर चार तास वाळवलं नाही तर हे होणारच. पण फक्त मशिन २ आणि फक्त ११ पर्यंत म्हणताय, म्हणजे मशिन २ च्या हॉपर ड्रायरला त्या सकाळी उशीर झाला. ड्रायर चालू कोण करतं?

मकरपुरा_क्यूए

टायमर. पहाटे ४ ला आपोआप चालू होतो, म्हणजे ८ पर्यंत चार तास मिळतात. मशिन १ चा डिजिटल आहे, मशिन २ वर जुना तबकडीचा. आताच सेटरला फोन लावला. तो म्हणाला, आदल्या रात्री पावसात तीन तास वीज गेली होती. तबकडीचा टायमर विजेवरच फिरतो, त्यामुळे तो तीन तास मागे पडला आणि ड्रायर ४ ऐवजी ७ ला सुरू झाला. मशिन १ च्या टायमरला आत बॅटरी आहे, तो जागेवर राहिला. सेटरने ११ च्या सुमाराला तबकडी घड्याळाशी जुळवून ठेवली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी १७ आले. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं म्हणाला.

हे सगळं त्या दिवशी ११ वाजताच एका माणसाला माहीत होतं.

विश्वामित्री

याला म्हणतात कारण सापडणं. तास जुळतात, मशिन जुळते, दोष जुळतो, आणि कारण हटवल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला. आता तो दिवस सरासरीतून वगळायला तुम्हाला हक्क मिळाला. मघाशी मी तो हिशोबापुरता बाजूला ठेवला होता. कारण सापडलं नसतं तर वगळणं योग्य नव्हतं, केवळ आकडा आवडला नाही म्हणून बिंदू पुसायचा नसतो.

मशिन २ ला बॅटरीचा टायमर लावा, आणि पाळी सुरू करताना ड्रायर किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहायचा एक रकाना ठेवा. शिवाय यापुढे मशिन १ आणि २ चे चार्ट वेगळे काढा. एका मशिनला रोज ४०० नग आणि सरासरी १० खराब पडतील, तेवढे पी-चार्टला पुरतात. सरासरी पाचाच्या खाली जाऊ लागली तर मात्र चार्ट आंधळा होतो.

अलकापुरी_पॅकेजिंग

हा धागा वाचून आमच्याकडे पी-चार्ट काढला आणि डोकं धरून बसलो. बाटलीची झाकणं, कॅमेरा तपासतो, रोज साधारण १२,०००. सरासरी ०.८ टक्के खराब. वरच्या सूत्राने मर्यादा ०.५६ ते १.०४ आल्या, आणि आमचा आकडा रोज ०.४ ते १.३ मध्ये फिरतो. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर! रोज टायमर बिघडतो असं समजायचं का?

विश्वामित्री

नाही, तुमच्याकडे वेगळी गोष्ट आहे. सूत्र असं गृहीत धरतं की आत दडलेली खरी टक्केवारी रोज तीच आहे आणि फक्त नग उचलण्याचा हेलकावा आहे. १२,००० नग तपासले की तो हेलकावा फार बारीक होतो. मग ग्रॅन्युलचा लॉट बदलणं, साच्याचं थंड पाणी दोन अंश इकडेतिकडे होणं, असे रोजचे छोटे फरक, जे तुमच्या कारखान्याचा स्वभावच आहेत, ते सगळे बाहेर पडलेले दिसतात.

तुमचे नग रोज जवळपास सारखेच असतात, म्हणून सोपा मार्ग आहे. रोजची टक्केवारी एक सुटं माप समजा. लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक काढा, चिन्ह सोडून. त्या फरकांच्या सरासरीला २.६६ ने गुणा आणि टक्केवारीच्या सरासरीत मिळवा आणि वजा करा.

```
=ABS(C3-C2)
=AVERAGE(C2:C26)+2.66*AVERAGE(D3:D26)
```

अलकापुरी_पॅकेजिंग

लगेच केलं. फरकांची सरासरी ०.२५ आली. मर्यादा ०.१३ ते १.४७. आता एकही दिवस बाहेर नाही. सुटलो.

रावपुरा_७२

थांबा, हे मला पटत नाही. आधी निम्मे बाहेर होते, सूत्र बदललं आणि सगळे आत आले. मग मर्यादा कोणत्याही चालतील. आणि हा २.६६ चार्टही दिवसादिवसांतल्या फरकावरच काढलाय ना? मग माझी एसडी काय वाईट होती?

विश्वामित्री

काका, तुमच्या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. दुसरा आधी घेते. इथे लागोपाठच्या दिवसांचा फरक घेतलाय, सगळ्या महिन्याचा एकत्र पसारा नाही. महिन्याच्या मध्यात पातळी वर सरकली तर तुमची एसडी फुगते. लागोपाठच्या फरकांत तो बदल एकदाच येतो, त्यामुळे मर्यादा थोडीच हलते. मकरपुरादादांचे ते १९ दिवस या पद्धतीने घेतले तर वरची मर्यादा ३६ येते, पी-चार्टच्या ३३ पेक्षा थोडी सैल, पण ३८ तरीही बाहेरच.

पहिला आक्षेप जास्त महत्त्वाचा. अलकापुरी, तुम्ही सुटला नाहीत. रुंद मर्यादा एवढंच सांगतात की रोज धावपळ करून काही मिळणार नाही. पण दोन्ही चार्टांमधलं ते अंतर, ०.५६ ते १.०४ विरुद्ध ०.१३ ते १.४७, हा फरक खराच आहे. दिवसादिवसांत काहीतरी बदलतंय आणि ते तुम्ही स्वभाव म्हणून स्वीकारताय. महिन्याचे बिंदू लॉट क्रमांकाप्रमाणे वेगळ्या रंगांनी काढून बघा. एका लॉटचे सगळे वर आणि दुसऱ्याचे सगळे खाली बसले तर तो स्वभाव नाही, पुरवठादाराशी बोलायचा विषय आहे. नग रोज कमीजास्त असतील तर लेनी यांचा पी-प्राइम चार्ट आहे, तो दोन्ही हेलकावे एकत्र धरतो. हा इशारा त्यालाही लागू.

दांडियाबाजार

तीनच पट का? दोन पट ठेवलं तर आधी कळेल ना.

टूलरूम_काका

आधी कळेल आणि खोटंही कळेल. दोन पटीला साधारण वीस दिवसांत एकदा उगीच घंटा वाजते. शूहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल कंपनीच्या कारखान्यांसाठी हे काढलं, तेव्हा दोन्ही बाजूंचा तोटा तोलूनच तीनवर थांबले होते. आमच्याकडे उगीच वाजलेली घंटा म्हणजे सेटरचा हात नॉबवर. मला तरी तीनच हवं.

अलकापुरी_पॅकेजिंग

एक शंका मकरपुराच्या प्रकरणावर. वडोदऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडतोच आणि वीजही जातेच. मग हे ‘वेगळं कारण’ कसं? दरवर्षीचंच आहे.

टूलरूम_काका

वीज जाणं नेहमीचं, पण टायमर मागे पडून ओला माल मशिनमध्ये जाणं नेहमीचं नाही, ते थांबवता आलं. मात्र तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. यांचा ड्रायर गरम हवेचा आहे, बाहेरचीच हवा ओढून तापवतो. पावसाळ्यात ती हवाच दमट असते, त्यामुळे चार तास पूर्ण दिले तरी उन्हाळ्याइतकं वाळत नाही. म्हणजे रोजच्या चार-पाच सिल्व्हरमध्ये हवामानाचा वाटा असणार, आणि तो टायमर बदलून जाणार नाही. हवेतलं पाणी काढणारा डीह्युमिडिफाइंग ड्रायर घेतला तरच जाईल. तो खर्चाचा निर्णय शेठचा, सेटरचा नाही.

विश्वामित्री

माझं मत थोडं वेगळं आहे. उन्हाळ्याचे २४ दिवस हातात आल्याशिवाय त्या चार-पाचांत हवामान किती ते आपण म्हणू शकत नाही. शक्य आहे, पण या २४ आकड्यांत ते दिसत नाही.

मकरपुरा_क्यूए

दोन आठवड्यांनी परत आलोय. बॅटरीचा टायमर लागला, ड्रायरचा रकाना सुरू झाला, आणि बिंदू बाहेर गेल्याशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही हे शेठनी मान्य केलं. नवे आकडे:

```
आठवडा ५:  १५  १८  १२  १६  १४  |  ६
आठवडा ६:  १७  ११  १३  १६  १४  |  ५
```

एकूण १५७ भागिले ८,६००, म्हणजे १.८३ टक्के. शेठ म्हणतात टायमरने काम केलं आणि उद्दिष्टही गाठलं. आता मर्यादा १.८३ वरून नव्याने काढू का?

विश्वामित्री

आकडे बघून आनंद झाला, पण टायमरला श्रेय देता येत नाही. एकही बिंदू मर्यादेबाहेर नाही, पण लागोपाठ १२ दिवस सरासरीच्या खाली आहेत. आठ झाले तरी आपण बदल मानतो, त्यामुळे पातळी हलली हे खरं. पण टायमर बिघडला तो एकच दिवस होता, आणि तो वगळूनच आपण २.५ ही सरासरी काढली होती. टायमर सुधारला की ३८ सारखे दिवस टळतील, २.५ चे १.८३ होणार नाहीत. दुसरं काहीतरी बदललंय. त्या सोमवारी आणखी काय बदललं?

टूलरूम_काका

नॉब फिरवणं थांबलं, ते मी धरतो. रोजची ढवळाढवळ गेली की सरासरीही खाली येऊ शकते.

मकरपुरा_क्यूए

हो, आणि एक सांगायचं राहिलं. नेहमीच्या तपासनीस ताई त्या सोमवारपासून रजेवर आहेत. त्यांच्या जागी स्टोअरमधली मुलगी तपासते. कुठवर चांगलं आणि कुठून खराब ते दाखवणारा लिमिट सॅम्पलचा बोर्ड तोच आहे, पण त्याच्यावरचे नग दोन वर्षांचे जुने, पिवळट पडलेत.

विश्वामित्री

मग अजून मर्यादा बदलू नका. जुन्या रेघा तशाच पुढे ओढा. नग सुधारलेत की डोळे बदललेत हे आधी कळायला हवं.

ताई परत आल्या की १०० नग निवडा. त्यात २० नक्की खराब, ३० सीमेवरचे, उरलेले चांगले. तळाला पेन्सिलने क्रमांक टाका. दोघींनी एकाच टेबलावर, एकाच ट्यूबलाइटखाली, वेगवेगळ्या वेळी तपासायचे. दोन दिवसांनी क्रम बदलून पुन्हा तेच. कोणीच कोणाचा निकाल बघायचा नाही. मग एकूण किती काढले ते नका बघू, नगागणिक ताडून बघा. दोघींचे आकडे सारखे आले तरी वेगवेगळे नग काढलेले असू शकतात. सिल्व्हरसाठी प्रकाशाचा कोन फार फरक पाडतो. नवी मुलगी खिडकीकडे पाठ करून बसत असेल तर रेघा तिला दिसणारच नाहीत.

रावपुरा_७२

आणि दोघींचं जुळलं तर काकांचं नॉबचं म्हणणं खरं धरायचं?

विश्वामित्री

जुळलं तर तपासणी हे कारण सुटलं एवढंच. मग उरतं नॉब, आणि त्या दोन आठवड्यांत आलेला ग्रॅन्युलचा लॉट. मकरपुरादादा, लॉट क्रमांक लिहून ठेवलेत का?

मकरपुरा_क्यूए

गोणीवर असतो, आपल्या कागदावर नाही. आठवडा ५ च्या रिकाम्या गोण्या अजून शेडमागे आहेत, उद्या सकाळी बघतो. ताई गुरुवारी येणार आहेत, तोपर्यंत १०० नग बाजूला काढून ठेवतो.

टूलरूम_काका

गोण्या पावसात भिजायच्या आधी बघा. आणि ते १०० नग दोन्ही मशिनचे सारखे घ्या, मशिन २ चे जास्त नकोत.